दोन पाडव्यांचं वर्ष आणि बिनपाडव्याचं वर्ष

मार्चअखेरची गडबड आता संपली आहे, सीएंकडच्या फायली परत आल्यात, तेव्हा आज म्हटलं जरा शांतपणे बोलू. विषय आहे तारखांचा तक्ता. नाव ऐकून लगेच पुढचा भाग लावू नका. या तक्त्यात एक कॉलम नव्हता, म्हणून आमच्या सांगलीच्या दुकानातली दोन पोरं घरी जाणार होती. ती गोष्ट आहे ही.

फॉर्म्युले बोलून समजत नाहीत, म्हणून ते इथे लिहून देते आहे. मोबाईलवर ऐकत असाल तर ते नंतर बघा.

मी साताऱ्यात एका घरगुती उपकरणांच्या दुकानात हिशेब आणि रिपोर्टिंग बघते. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, कूलर. मालक एकच, दुकानं दोन. एक साताऱ्यात, दुसरं सांगलीत. मधे कराड आणि पेठ नाका. महिन्यातून एकदा मी सांगलीला जाते किंवा तिकडचे मॅनेजर इकडे येतात. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. तीस वर्षं काउंटरवर उभा राहिलेला माणूस. एक्सेल त्यांना येत नाही आणि येत नाही याचं त्यांना अजिबात वाईट वाटत नाही.

गोष्ट एप्रिल २०२४ ची. वर्ष संपलं, शेठनी सांगितलं की दोन्ही दुकानांची चौथी तिमाही मागच्या वर्षीशी लावून दाखव. शनिवारी, ६ तारखेला मीटिंग होती.

आता चौथी तिमाही म्हणजे कुठली? आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. ब्रिटिशांच्या काळात, १८६७ पासून हे चालत आलंय. त्याच्या आधी इथलं सरकारी वर्ष १ मे ला सुरू व्हायचं. तेव्हा एप्रिल ते जून पहिली तिमाही आणि जानेवारी ते मार्च चौथी. पण एक्सेलला हे ठाऊक नसतं. पिव्हट टेबलात तारीख टाकली आणि तिमाही असा गट केला की ते जानेवारी-मार्चला पहिली तिमाही म्हणतं. वर्षही तोडतं ते डिसेंबरला. म्हणून स्वतःचा तक्ता बांधावा लागतो.

तो असा. एका नव्या शीटमध्ये A कॉलममध्ये रोजची एक तारीख, अशा सगळ्या तारखा. विक्री असो नसो, दुकान बंद असो, तारीख गाळायची नाही. सुरुवात १ एप्रिललाच आणि शेवट ३१ मार्चलाच. माझा तक्ता १ एप्रिल २०२२ पासून सुरू होतो. मग शेजारी चार कॉलम.

```
B2  =YEAR(A2)-(MONTH(A2)<4)
C2  =B2&"-"&RIGHT(B2+1,2)
D2  =MOD(MONTH(A2)+8,12)+1
E2  ="Q"&ROUNDUP(D2/3,0)
```

पहिल्यात काय होतं ते सांगते. महिना एप्रिलच्या आधीचा असेल तर कंसातली गोष्ट खरी ठरते, एक्सेल तिला १ समजतं आणि वर्षातून एक वजा होतो. म्हणजे १५ फेब्रुवारी २०२४ ला उत्तर येतं २०२३. आर्थिक वर्ष ज्या साली सुरू झालं ते साल. दुसरा फॉर्म्युला त्याचं २०२३-२४ असं नाव बनवतो. तिसरा आर्थिक महिन्याचा क्रमांक देतो, एप्रिल १ आणि मार्च १२. हा क्रमांक लागतोच, कारण महिन्यांची नावं अक्षरांप्रमाणे लावली की एप्रिलनंतर ऑगस्ट येऊन बसतो. आणि चौथा म्हणजे तिमाही.

बांधून झाल्यावर एक तपासणी करायची. प्रत्येक तिमाहीतले दिवस मोजा. पहिलीत ९१, दुसरीत ९२, तिसरीत ९२, चौथीत ९०. लीप वर्ष असेल तर चौथीत ९१. हे आकडे आले नाहीत तर कुठेतरी तारीख सुटली आहे किंवा दोनदा आली आहे. हा चौथीचा ९० आणि ९१ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग विक्रीच्या शीटमध्ये बिलाच्या तारखेवरून हे कॉलम ओढून घ्यायचे, एक्सलुकअपने. पॉवर बीआय वापरत असाल तर दोन टेबलांमध्ये तारखेवर नातं जोडायचं. एवढं केलं की पिव्हटमध्ये ओळीत तिमाही, कॉलममध्ये आर्थिक वर्ष. वर्षाशी वर्ष शेजारी उभं राहतं.

मी हे सगळं केलं होतं बरं का. अभिमानाने केलं होतं. आणि पहिल्याच फेरीत आपटले.

पिव्हटमध्ये मला एक गंमत दिसली. ४ एप्रिल २०२४ ला बसून मी रिपोर्ट बघतेय आणि त्यात ३ डिसेंबर २०२४ ची विक्री! अजून आठ महिन्यांनी विकला जाणारा फ्रिज. आमचं बिलिंग सॉफ्टवेअर तारीख 12/03/2024 अशी देतं, म्हणजे १२ मार्च. माझ्या लॅपटॉपची सेटिंग अमेरिकन होती, त्याने ती डिसेंबरची ३ तारीख वाचली. जानेवारी ते डिसेंबर वर्ष असतं तर अशी चूक निदान त्याच वर्षात राहिली असती. आपल्याकडे ती वर्षच बदलते. ३ एप्रिल २०२४ ची विक्री ४ मार्च होते आणि नव्या वर्षातून उडी मारून जुन्या वर्षात जाते. आणि १३ पासून पुढच्या तारखांचं काय? १३ वा महिनाच नसतो, मग एक्सेल त्यांना तारीख न समजता नुसता मजकूर समजतं. सेलमध्ये त्या डावीकडे चिकटलेल्या दिसतात, खऱ्या तारखा उजवीकडे असतात. ही ओळखायची सगळ्यात सोपी खूण. दुसरी खूण म्हणजे तारखेच्या कॉलमवर MAX लावून बघायचं. भविष्यातली तारीख आली की समजायचं.

उपाय: नुसती फाईल डबल क्लिक करून उघडू नका. तारखांचा कॉलम मजकूर म्हणून आत घ्या, मग डेटा मेनूमधल्या Text to Columns मध्ये तिसऱ्या पायरीवर Date निवडून शेजारी DMY करा. एकदा बिघडलेल्या फाईलवर हे करून उपयोग नाही, कारण उलटलेल्या तारखा उलटलेल्याच राहतात. मूळ फाईलपासून परत सुरू करावं लागतं. मी केलं. रात्री अकरा वाजले.

तर शनिवारची मीटिंग. आकडे जरा गोल करून आणि बदलून सांगते, पण गोष्ट तीच आहे.

साताऱ्याची चौथी तिमाही: २०२२-२३ मध्ये ७६ लाख, २०२३-२४ मध्ये ७४ लाख. जवळजवळ तेवढीच. सांगलीची: ८४ लाखांवरून ७३ लाख. म्हणजे १३ टक्के घट.

शेठ बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. मग म्हणाले, "अण्णा, सातारा टिकला आणि सांगली पडली. मला वाटतं दोन माणसं कमी करूया तिकडची." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. ती दोन पोरं मी ओळखते. एक मिरजेहून येतो, एक तासगावकडचा आहे.

अण्णा काही बोलले नाहीत लगेच. चष्मा काढला, पुसला, आणि मला म्हणाले, "पोरी, ह्यात पाडवा धरलायस का गं?"

मी म्हटलं, "अण्णा, सगळीच विक्री धरलीये. एकही बिल सोडलेलं नाही."

"तसं न्हवं. गेल्या साली पाडवा मार्चात हुता. ह्या सालचा अजून यायचाय की. मंगळवारी हाय."

खोलीत शांतता. मी मोबाईल काढला आणि बघितलं. गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला. २०२४ मध्ये ९ एप्रिलला. मीटिंग होती ६ एप्रिलला.

साडेतीन मुहूर्तांपैकी एक, आमच्या धंद्यात दिवाळीच्या खालोखाल मोठा दिवस, आणि २०२३-२४ या अख्ख्या आर्थिक वर्षात तो एकदाही आला नव्हता. असं का होतं? आपलं पंचांग चंद्राच्या महिन्यांवर चालतं, बारा महिने म्हणजे साधारण ३५४ दिवस. त्यामुळे पाडवा दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, आठवतंय? म्हणून २२ मार्चवरून एकदम ९ एप्रिल. आणि आपली आर्थिक वर्षाची रेघ ३१ मार्चला, बरोबर पाडव्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ओढलेली आहे. दिवाळीला हा त्रास नाही. ती ऑक्टोबरात असो की नोव्हेंबरात, तिसऱ्या तिमाहीतच राहते.

मग सातारा का पडला नाही? त्याचं कारण शोधायला बिलंच उघडावी लागली. महाबळेश्वर-पाचगणीच्या काही हॉटेलवाल्यांनी उन्हाळी गर्दीच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, एकगठ्ठा फ्रिज घेतले होते. पाडव्याचा खड्डा त्या ऑर्डरनी भरून निघाला होता. सांगलीच्या वाट्याला तसं काही आलं नाही.

शेठ म्हणाले, "सोमवारपर्यंत नीट करून दे."

मी तक्त्यात एक कॉलम वाढवला. आधी वेगळ्या शीटवर पाडव्याच्या तारखा लिहिल्या, पंचांगात बघून. मग प्रत्येक तारखेपासून पुढचा पाडवा किती दिवसांवर आहे ते काढलं.

```
F2  =MINIFS(Padwa!A:A,Padwa!A:A,">="&A2)-A2
G2  =IF(AND(F2>=0,F2<=8),"Padwa","")
```

पाडव्याच्या दिवशी F मध्ये शून्य येतो, आदल्या दिवशी १, असं. शून्य ते आठ म्हणजे पाडवा धरून नऊ दिवस. नऊच का? अण्णांना विचारलं, गर्दी कधीपासून सुरू होते. ते म्हणाले आठवडाभर आधी चौकश्या आणि बुकिंग. बिलं बघितली तर तसंच होतं. तुमच्या धंद्यात तीन दिवस असतील, सोन्याच्या दुकानात कदाचित एकच. एक सावधगिरी: पाडव्यांच्या यादीत पुढच्या वर्षीचा पाडवा लिहिलेला नसेल तर MINIFS शून्य देतं आणि F मध्ये भलामोठा वजा आकडा येतो. तो दिसला की यादी अपुरी आहे. G मधली शून्याची अट त्यासाठीच आहे.

२०२३ चे नऊ दिवस म्हणजे १४ ते २२ मार्च, सगळे २०२२-२३ च्या चौथ्या तिमाहीत. २०२४ चे नऊ दिवस म्हणजे १ ते ९ एप्रिल, सगळे नव्या वर्षात. इतकं स्वच्छ विभाजन नशिबानेच मिळतं.

सांगलीच्या ८४ लाखांपैकी २१ लाख पाडव्याच्या नऊ दिवसांतले निघाले. उरले ६३. आणि यंदाचे ७३, त्यात पाडवा नाहीच. ६३ वरून ७३! मी रविवारी रात्री अण्णांना फोन केला. "अण्णा, घट नाहीच, १६ टक्के वाढ आहे."

ते हसले. म्हणाले, "एवढी न्हाई गं. मी काउंटरला हाय ना. एवढी गर्दी असती तर मला कळलं असतं."

जरा राग आला खरं सांगायचं तर. मी त्यांचीच बाजू मांडत होते ना! पण फोन ठेवल्यावर परत बघितलं आणि चूक दिसली. मी एका बाजूचे नऊ दिवस काढून टाकले होते आणि दुसऱ्या बाजूचे नाही. २०२२-२३ च्या तिमाहीत ९० दिवस, त्यातून नऊ गेले, राहिले ८१. २०२३-२४ लीप वर्ष, २९ फेब्रुवारी होता, म्हणून ९१ दिवस. मी ८१ दिवसांची विक्री ९१ दिवसांशी लावत होते. दहा दिवस फुकटचे.

म्हणून रोजची सरासरी काढायची. ६३ लाख भागिले ८१, साधारण ७७,८०० रुपये रोज. ७३ लाख भागिले ९१, साधारण ८०,२०० रुपये रोज. वाढ ३ टक्के. आणि हे ८१ आणि ९१ कुठून मोजले? तारखांच्या तक्त्यातून. विक्रीच्या शीटमधून मोजले असते तर ज्या दिवशी एकही बिल झालं नाही तो दिवस मोजलाच गेला नसता. म्हणून मघाशी म्हटलं, तारीख गाळायची नाही. साप्ताहिक सुट्टी मी इथे वेगळी काढलेली नाही, दोन्हीकडे ती जवळपास सारखीच पडते. कुणाला काढायची असेल तर अजून एक कॉलम.

सोमवारी मी तिन्ही आकडे दाखवले. १३ टक्के घट, १६ टक्के वाढ आणि ३ टक्के वाढ. आणि कुठला का चूक आहे तेही सांगितलं. शेठनी फक्त विचारलं, "मग माणसं?" अण्णा म्हणाले, "उद्या पाडवा हाय शेठ, माणसं उलट कमी पडत्यात." त्या नऊ दिवसांत सांगलीत २३ लाखांची विक्री झाली, आदल्या पाडव्याला २१ होती. दोन्ही पोरं अजून आहेत.

पण हे इथे संपत नाही, कारण पुढच्या वर्षी उलटं झालं. २०२५ चा पाडवा ३० मार्चला आला, रविवारी. म्हणजे २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात दोन पाडवे! ९ एप्रिलचा एक, ३० मार्चचा एक. सांगलीची वर्षाची विक्री ३ कोटी २० लाखांवरून ३ कोटी ७५ लाख. १७ टक्के वाढ. शेठ खूश, पेढे आले, आणि लगेच पुढच्या वर्षाचं टार्गेट त्याच हिशेबाने ठरायला लागलं. या वेळी मात्र मी आधीच तयार होते. दोन पाडव्यांचे मिळून ४७ लाख आणि अठरा दिवस बाजूला काढले. उरले ३ कोटी २८ लाख, ३४७ दिवसांत. आदलं वर्ष ३ कोटी २० लाख, ३६६ दिवसांत. रोजची सरासरी काढली तर वाढ ८ टक्के. चांगलीच आहे की, पण १७ नाही. १७ वर टार्गेट ठेवलं असतं तर ज्यांची नोकरी घट दिसली म्हणून जाणार होती त्यांचाच बोनस खोटी वाढ दिसली म्हणून गेला असता.

खुश्शाल बातमी आल्यावर कुणी तारखा तपासत नाही, हे मी तेव्हा बघितलं. वाईट आकडा आला की सगळे तपासतात.

अजून दोन छोट्या गोष्टी, मला विचारल्या जातात म्हणून.

चालू वर्ष अर्धवट असताना तुलना करताना जपा. ऑगस्टच्या १० तारखेला रिपोर्ट काढला तर यंदाची दुसरी तिमाही १० ऑगस्टपर्यंतच आहे, पण मागच्या वर्षीची पूर्ण ३० सप्टेंबरपर्यंतची शेजारी येते. मागच्या वर्षीलाही १० ऑगस्टलाच कापा. पॉवर बीआयवाल्यांना अजून एक खड्डा आहे. वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज काढताना वर्षअखेर सांगितली नाही तर ते ३१ डिसेंबर धरतं, आणि जानेवारीत बेरीज परत शून्यापासून सुरू होते. म्हणून शेवटी ते लिहायचं:

```
FYTD = TOTALYTD ( [Sales], 'Dates'[Date], "3/31" )
```

दुसरी गोष्ट नावांची. माझी एक मैत्रीण साखर कारखान्यात आहे. तिच्याकडे २०२३-२४ म्हणजे साखर हंगाम, ऑक्टोबर ते सप्टेंबर. तिच्या ताळेबंदात २०२३-२४ म्हणजे एप्रिल ते मार्च. नाव तेच, महिने वेगळे. तिने एकाच तक्त्यात दोन कॉलम ठेवलेत, हंगामासाठी तोच फॉर्म्युला, फक्त ४ च्या जागी १०. आणि कॉलमच्या नावात 'हंगाम' असं स्वच्छ लिहिलंय. सीए जेव्हा २०२५-२६ म्हणतात तेव्हा तेही विचारून घ्या, कारण आकारणी वर्ष २०२५-२६ म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५.

आता नुकतंच संपलेलं २०२५-२६ घ्या. त्यात पाडवा एकच आला, १९ मार्च २०२६ ला. आदल्या वर्षी दोन होते, म्हणजे तुमच्या दुकानाचा आकडा या वेळी उगाच खाली गेलेला दिसू शकतो. चौथ्या तिमाहीशी चौथी तिमाही लावली तर मात्र दोन्हीकडे एकेक पाडवा आहे, तिथे तुलना बरी होईल. पण पहिल्या तिमाहीत २०२४ च्या एप्रिलला पाडवा होता आणि २०२५ च्या एप्रिलला नव्हता, घट तिथे लपलेली असेल.

आणि या वर्षी, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे पुढचा पाडवा ७ एप्रिल २०२७ ला. म्हणजे १ एप्रिलला सुरू झालेलं हे २०२६-२७ पुन्हा बिनपाडव्याचं. मी अण्णांना हे गेल्या आठवड्यात सांगितलं, तर ते म्हणाले, "मग आत्ताच लिहून ठेव शेठच्या भिंतीवर." लिहिलंय. कॅलेंडरच्या शेजारी, लाल पेनने.